अनंत रेषेवरील उष्णता समीकरण

अनंत रेषेवरील उष्णता समीकरण हे दोन्ही दिशांना अमर्याद लांब मानलेल्या सळईतील तापमान काळानुसार कसे बदलते हे सांगणारे आंशिक अवकल समीकरण आहे. फूरिये रूपांतराच्या साहाय्याने या समीकरणाची उकल सूत्ररूपाने मिळते. सळईच्या एका बिंदूवर क्षणार्धात उष्णता दिली, तर त्यानंतरच्या प्रत्येक क्षणी तापमानाचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो. काळ पुढे सरकतो तशी ही घंटा रुंद व बुटकी होत जाते, मात्र तिच्याखालील क्षेत्रफळ बदलत नाही. या उकलीस *उष्णता गाभा* किंवा *मूलभूत उकल* असे म्हणतात. इतर कोणत्याही आरंभिक तापमानासाठीची उकल तिच्यापासूनच तयार करता येते.

## समीकरण आणि त्याचा अर्थ

सळई एकसारख्या जाडीची असून तिची बाजू उष्णतारोधक आवरणाने झाकलेली आहे, असे मानू. त्यामुळे उष्णता फक्त सळईच्या लांबीच्या दिशेने वाहते. आरंभबिंदूपासून `x` अंतरावर आणि `t` या वेळी सभोवतालच्या मूळ तापमानापेक्षा सळईचे तापमान जितके अधिक असेल, त्यास `u(x, t)` म्हणू. उष्णता समीकरण असे आहे :

`∂u/∂t = k ∂²u/∂x²`

येथे `k` हा पदार्थाचा औष्णिक विसरणांक आहे. पदार्थाच्या उष्णता संवाहकतेला घनता व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले असता तो मिळतो. त्याचे एकक वर्ग सेंटिमीटर प्रति सेकंद असे असते.

समीकरणाच्या मागे दोन साध्या गोष्टी आहेत. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते आणि तिच्या वहनाचा वेग तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो, ही पहिली. सळईच्या एखाद्या लहान तुकड्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता यांतील फरकाइतकीच उष्णता त्या तुकड्यात साठते, ही दुसरी. म्हणून तापमानातील बदल उतारावर अवलंबून नसून उतार कसा बदलतो यावर, म्हणजे दुसऱ्या अवकलजावर, अवलंबून असतो. आलेख जेथे टेकडीसारखा बाहेर फुगलेला असतो तेथे तापमान घटते आणि जेथे तो दरीसारखा खोलगट असतो तेथे ते वाढते.

## फूरिये रूपांतराचा उपयोग

मर्यादित लांबीच्या सळईत टोकांवरील अटी पूर्ण करणाऱ्या ठरावीक तरंगलांबीच्याच लहरी बसतात. त्यामुळे तेथे उकल फूरिये श्रेढीच्या स्वरूपात, म्हणजे सुट्या लहरींच्या बेरजेने, मिळते. अनंत रेषेला टोकेच नसल्याने तरंगलांबीवर असे बंधन राहत नाही. लहरींची बेरीज करण्याऐवजी सर्व तरंगलांबींवर समाकलन करावे लागते. हे काम फूरिये रूपांतर करते. त्याची येथे वापरलेली व्याख्या पुढीलप्रमाणे आहे :

`û(ω, t) = ∫ u(x, t) e^(−iωx) dx`

या लेखातील सर्व समाकल −∞ पासून +∞ पर्यंतचे आहेत. `ω` हा तरंगांक असून तरंगलांबी `λ` असलेल्या लहरीसाठी `ω = 2π/λ` असतो. तापमानाच्या आलेखात त्या तरंगलांबीची लहर किती प्रमाणात मिसळलेली आहे हे `û(ω, t)` सांगते.

रूपांतराचा निर्णायक गुणधर्म असा की, `x` च्या संदर्भातील अवकलन हे रूपांतरानंतर केवळ `iω` ने गुणणे ठरते. दोनदा अवकलन केल्यास `(iω)²`, म्हणजे `−ω²`, हा गुणक मिळतो. यासाठी `u` आणि तिचे पहिले अवकलज दूर अंतरावर शून्याकडे जाणे आवश्यक असते. उष्णता समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे रूपांतर केल्यावर पुढील समीकरण मिळते :

`dû/dt = −kω² û`

आता `x` नाहीसा झाला आहे. प्रत्येक `ω` साठी एक स्वतंत्र, साधे अवकल समीकरण उरले आहे आणि त्याची उकल तत्काळ लिहिता येते :

`û(ω, t) = û(ω, 0) e^(−kω²t)`

लहरी एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येक लहर आपापल्या गतीने क्षीण होते आणि ही गती तरंगांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तांब्याचा विसरणांक सुमारे १.१६ वर्ग सेंटिमीटर प्रति सेकंद आहे. त्यामुळे तांब्याच्या सळईतील १० सेंटिमीटर तरंगलांबीची लहर सुमारे २.२ सेकंदांत मूळ उंचीच्या ३७ टक्क्यांवर येते, तर १ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरीला त्यासाठी सुमारे ०.०२२ सेकंद पुरतात. आलेखातील बारीक खाचखळगे आधी बुजतात आणि रुंद चढउतार मागे राहतात. `ω = 0` असताना मात्र क्षय होतच नाही. `û(0, t)` म्हणजे आलेखाखालील क्षेत्रफळ असल्याने, सळईतील एकूण उष्णता कायम राहते हेच यातून दिसते.

## घंटाकार वक्राची प्राप्ती

सर्व उष्णता आरंभी `x = 0` या एकाच बिंदूवर आहे आणि आलेखाखालील क्षेत्रफळ `M` आहे, असे समजू. ही स्थिती डिरॅकच्या डेल्टा फलनाने दर्शवतात. तिचे रूपांतर `û(ω, 0) = M` आहे, म्हणजे तिच्यात सर्व तरंगलांबींच्या लहरी सारख्याच प्रमाणात असतात. उकल मिळवण्यासाठी व्यस्त रूपांतर करावे लागते :

`u(x, t) = (M/2π) ∫ e^(−kω²t) e^(iωx) dω`

हा समाकल काढण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही बाजूंचे `x` च्या संदर्भात अवकलन केल्यास समाकलाच्या आत `iω` हा गुणक येतो. `ω e^(−kω²t)` हे `e^(−kω²t)` च्या `ω` विषयक अवकलजाला `−2kt` ने भागून मिळत असल्याने खंडशः समाकलन करता येते. त्यातून `u` विषयी पुढील संबंध मिळतो :

`∂u/∂x = −(x/2kt) u`

याची उकल `u(x, t) = u(0, t) e^(−x²/4kt)` अशी आहे. आता केवळ मध्यबिंदूवरील मूल्य काढावयाचे राहते. `x = 0` घेतल्यावर वरील समाकल `e^(−kω²t)` चा प्रसिद्ध समाकल होतो आणि त्याचे मूल्य `√(π/kt)` असते. म्हणून :

`u(x, t) = M/√(4πkt) · e^(−x²/4kt)`

संख्याशास्त्रातील प्रसामान्य वितरणाचा वक्र याच स्वरूपाचा आहे. त्याचे प्रमाण विचलन `σ = √(2kt)` इतके येते. रूपांतराच्या बाजूलाही `e^(−kω²t)` हा घंटाकार वक्रच आहे, परंतु काळानुसार तो अरुंद होत जातो. बारीक लहरी गळून पडल्यामुळे तेथे जितका संकोच होतो, तितकाच विस्तार सळईवरील वक्राचा होतो.

सूत्रावरून दोन नियम लक्षात येतात. काळ चौपट झाला की घंटेची रुंदी दुप्पट होते व उंची निम्मी होते. तसेच `σ` हे अंतर तापणाऱ्या व निवणाऱ्या भागांची सीमा असते. मध्यापासून `σ` पेक्षा जवळचे बिंदू त्या क्षणी निवत असतात, तर त्यापलीकडील बिंदू तापत असतात, कारण वक्राचा बाक नेमका तेथेच बदलतो.

## उदाहरण : तांब्याची सळई

१ वर्ग सेंटिमीटर छेद असलेल्या, लांब आणि आवरणाने झाकलेल्या तांब्याच्या सळईच्या मध्यावर ३४५ जूल उष्णता अगदी थोड्या वेळात दिली, असे समजू. तांब्याचे १ घन सेंटिमीटर आकारमान १ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ३.४५ जूल लागतात. म्हणून `M` चे मूल्य १०० (अंश सेल्सिअस × सेंटिमीटर) येते. सूत्रात किंमती घातल्यावर तापमानातील वाढ पुढीलप्रमाणे मिळते :

| वेळ | रुंदी (σ) | मध्यावरील वाढ | १० सेंमी अंतरावरील वाढ |
|---|---|---|---|
| १ सेकंद | १.५ सेंमी | २६.२ °से. | नगण्य |
| ४ सेकंद | ३.० सेंमी | १३.१ °से. | ०.०६ °से. |
| १०० सेकंद | १५.२ सेंमी | २.६ °से. | २.१ °से. |

१० सेंटिमीटर अंतरावरील बिंदू आधी तापतो व मग निवतो. तो सर्वाधिक केव्हा तापेल, हे वर सांगितलेल्या सीमेवरून ठरते. `σ` त्या बिंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा, म्हणजे `t = x²/2k` या वेळी, तेथील तापमान कमाल असते. येथे ही वेळ सुमारे ४३ सेकंद असून त्या वेळची वाढ २.४ अंश आहे. २० सेंटिमीटर अंतरासाठी वेळ दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे १७२ सेकंद, होते आणि कमाल वाढ निम्मी, म्हणजे १.२ अंश, राहते. ही कमाल वाढ `k` वर अवलंबून नसते. `M` तेवढाच असल्यास लोखंडाच्या सळईतही त्या बिंदूवरील कमाल वाढ तेवढीच असेल, फक्त ती उशिरा येईल.

## इतर आरंभिक तापमाने

आरंभीचे तापमान `f(x)` असे कोणतेही असेल, तर `û(ω, t)` हा `f` चे रूपांतर आणि `e^(−kω²t)` यांचा गुणाकार असतो. रूपांतराच्या बाजूचा गुणाकार मूळ बाजूला संवलन ठरतो, म्हणून :

`u(x, t) = ∫ f(y) · 1/√(4πkt) · e^(−(x−y)²/4kt) dy`

याचा अर्थ असा की, आरंभीच्या तापमानाचे बिंदूंमध्ये विभाजन करावे, प्रत्येक बिंदूवरील उष्णतेची घंटा पसरू द्यावी आणि सर्व घंटांची बेरीज करावी.

वरील सळईतच आता १०० हे क्षेत्रफळ निराळ्या रीतीने वाटू. मध्याभोवतीचा १० सेंटिमीटर लांबीचा भाग आरंभी १० अंशांनी अधिक तापलेला आहे व उरलेली सळई मूळ तापमानाला आहे, असे घेऊ. १ सेकंदानंतर मध्यावर ९.९९ अंश वाढ असते, म्हणजे कडांवरील बदल अजून तेथवर जवळजवळ पोहोचलेला नाही. बिंदूवर उष्णता दिली असती तर हाच आकडा २६.२ असता. १० सेकंदांनंतर हे दोन आकडे अनुक्रमे ७.० आणि ८.३ होतात, तर १०० सेकंदांनंतर २.५७ आणि २.६२. आरंभीचा चौकोनी आकार पुसला जातो व फक्त एकूण उष्णता उरते. मर्यादित भागात साठवलेल्या कोणत्याही उष्णतेबाबत, तिची निव्वळ बेरीज शून्य नसल्यास, असेच घडते. `σ` हा आरंभीच्या रुंदीच्या मानाने पुरेसा मोठा झाला की वक्र घंटाकार दिसू लागतो.

## सूत्राच्या मर्यादा

अगदी आरंभीचा काळ. वरील उदाहरणात एक दशसहस्रांश सेकंदासाठी सूत्र मध्यावर २,६०० अंशांहून अधिक वाढ दाखवते. तांबे १,०८५ अंशांना वितळते. प्रत्यक्षात उष्णता देण्यास काही वेळ व काही जागा लागते, त्यामुळे `σ` त्या जागेपेक्षा बराच मोठा होईपर्यंत बिंदूचे सूत्र वापरता येत नाही. तोवर संवलनाचे सूत्र घ्यावे लागते.

सळईची टोके. सळई एकूण १०० सेंटिमीटर लांब असेल, तर `3σ` हे अंतर सुमारे १२० सेकंदांनी टोकांपर्यंत पोहोचते. तोवर अनंत रेषेचे सूत्र चांगले लागू पडते. टोके उष्णतारोधक असल्यास पुढे उष्णता परतू लागते आणि सळई शेवटी सर्वत्र १ अंशाच्या वाढीवर स्थिरावते. सूत्र मात्र सुमारे ६८६ सेकंदांनी मध्यावरील वाढ १ अंशापेक्षा खाली नेते व पुढे शून्याकडे जात राहते.

बाजूने होणारी गळती. आवरण सदोष असल्यास समीकरणात `−hu` हे पद वाढते आणि संपूर्ण उकलीला `e^(−ht)` ने गुणावे लागते. घंटेची रुंदी त्यामुळे बदलत नाही, पण क्षेत्रफळ घटत जाते. मोजमापांतून दोष ओळखण्याचा मार्ग यातच आहे. रुंदी `√t` प्रमाणे वाढत असून मध्यावरील वाढ व रुंदी यांचा गुणाकार घटत असेल, तर उष्णता बाजूने गळत आहे. क्षेत्रफळ कायम असून केवळ टोकांजवळचे आकडे सूत्रापेक्षा मोठे येत असतील, तर सळई लांबीला अपुरी आहे.

अनंत वेग. `t` कितीही लहान घेतला तरी सूत्रानुसार प्रत्येक बिंदूवर काही ना काही वाढ असते, म्हणजे उष्णता क्षणात सर्वत्र पोहोचते असा अर्थ होतो. वरील उदाहरणात १ सेकंदानंतर १० सेंटिमीटरवरील वाढ एका अंशाच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास असते. हा समीकरणाचा दोष असला तरी नेहमीच्या मोजमापांत तो जाणवत नाही.

एकमेवता. आरंभीचे तापमान दिले की उकल एकच असते, हे कोणत्याही अटीविना खरे नाही. आरंभी सर्वत्र शून्य असूनही नंतर शून्य न राहणारी उकल रशियन गणिती आंद्रेई तिखोनोव्ह यांनी १९३५ मध्ये दिली. अशा उकली दूर अंतरावर अतिप्रचंड वेगाने वाढतात. तापमान मर्यादित राहील अशी अट घातली की त्या गळतात आणि वर काढलेली उकल एकमेव ठरते.

## उलट दिशेचा प्रश्न

आजच्या तापमानावरून पूर्वीचे तापमान काढावयाचे असेल, तर `e^(−kω²t)` ऐवजी `e^(+kω²t)` ने गुणावे लागेल. कागदावर ही कृती सोपी दिसते. पण तांब्याच्या सळईतील १ सेंटिमीटरची लहर केवळ १ सेकंद मागे नेण्यासाठी तिला ज्या संख्येने गुणावे लागते, ती एकावर एकोणीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्या जवळजवळ ८ पट आहे. तापमापकाच्या वाचनातील एक सहस्रांश अंशाची चूकही त्यामुळे पूर्ण उत्तर व्यापून टाकते. पूर्वीच्या स्थितीतील बारीक तपशील मोजमापाच्या अचूकतेपलीकडे गेलेले असतात. व्यवहारात अशा प्रश्नांत एका मर्यादेपलीकडील तरंगांक सोडून दिले जातात आणि केवळ रुंद चढउतारांचा भूतकाळ काढला जातो.

## इतिहास

फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी उष्णतावहनावरील आपला प्रबंध १८०७ मध्ये पॅरिस येथील विद्वत्संस्थेला सादर केला. त्यात मर्यादित पदार्थांसाठी श्रेढींचा वापर होता. पिएर-सिमॉन लाप्लास यांनी १८०९ मध्ये अनंत विस्तारासाठीची उकल वरील संवलनाशी समतुल्य अशा समाकलाच्या रूपात मांडली. त्यानंतर फूरिये यांनी श्रेढीकडून समाकलाकडे जाणारी स्वतःची रीत विकसित केली. तिचे विवेचन १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उष्णतेच्या वैश्लेषिक सिद्धांतावरील ग्रंथात आहे.

हेच समीकरण पुढे उष्णतेबाहेरही लागू झाले. १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी ते द्रावणातील पदार्थांच्या विसरणासाठी वापरले. त्याच वर्षी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी समुद्राखालील तारायंत्राच्या केबलमधील संकेताचा विलंब केबलच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे दाखवले. सळईवरील बिंदू कमाल तापण्याची वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्याचेच हे दुसरे रूप होय. १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राउनीय गतीसाठी हीच घंटाकार उकल मिळवली. तेथे `u` हे तापमान नसून कण त्या जागी सापडण्याच्या संभाव्यतेची घनता असते, आणि `σ = √(2kt)` हे कण सरासरीने किती दूर भटकला याचे माप ठरते.